गोदामात पोती किती मावतात?

आतून ४२ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि भिंतींची उंची साडेचार मीटर, असे एक गोदाम समजा. त्यात गव्हाची ५० किलोची पोती ठेवायची आहेत. गोदामाचे घनफळ काढून त्याला एका पोत्याच्या घनफळाने भागले, तर उत्तर ४३ हजारांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात मात्र त्याच्या निम्मीच पोती बसतात.

कारण हिशेब जमिनीवरून सुरू होतो. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत थप्पीचे रूढ माप ३० बाय २० फूट, म्हणजे साधारण ९ बाय ६ मीटर असते. आपल्या गोदामात रुंदीला अशा दोन थप्प्या बसतात. उरलेल्या तीन मीटरांत दोन्ही भिंतींलगत पाऊण-पाऊण मीटर आणि मध्ये दीड मीटरची वाट. लांबीला चार थप्प्या ३६ मीटर घेतात. बाकी सहा मीटरांपैकी तीन मीटर समोरासमोरच्या दारांमधल्या रस्त्याला जातात आणि उरलेले तीन मीटर भिंतींलगतच्या व थप्प्यांमधल्या पाऊण-पाऊण मीटरच्या चार गल्ल्यांना. एकूण आठ थप्प्या झाल्या. ६३० चौरस मीटरपैकी ४३२ चौरस मीटर जागा पोत्यांखाली आली.

आडवे ठेवलेले भरले पोते सुमारे ०.४ चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे एका थरात १३५ पोती. थर २० लावले, तर थप्पीत २,७०० आणि आठ थप्प्यांत २१,६०० पोती, म्हणजेच १,०८० टन गहू.

गल्ल्या ठेवल्या नाहीत, तर आणखी ९,९०० पोती आत जातील. पण मग माल टिकणार नाही. भिंतीला टेकलेली पोती ओल धरतात. कीड मारण्यासाठी धुरी देताना प्रत्येक थप्पीवर आच्छादन टाकून त्याच्या कडा चारही बाजूंनी जमिनीवर पसरतात आणि वाळूच्या लांबट पिशव्यांनी दाबतात. गल्लीच नसेल तर कडा दाबता येत नाहीत आणि वायू निसटतो. शिवाय थप्पीभोवती फिरता आले नाही, तर पोती मोजता येत नाहीत, उंदरांनी कुरतडलेले पोतेही दिसत नाही.

उंचीलाही मर्यादा आहे. गव्हाच्या पोत्याचा थर सुमारे १६ सेंटिमीटरचा. वीस थर आणि खालच्या लाकडी चौकटी मिळून उंची साडेतीन मीटरच्या आत राहते. भिंतीच्या माथ्यापर्यंत उरलेल्या मीटरभर जागेत वारा खेळतो आणि माणसाला वर चढून तपासणी करता येते. तिथेही पोती रचली, तर सर्वांत खालच्या पोत्यांच्या शिवणी उसवतात, थप्पी एका बाजूला कलते. प्लास्टिकची विणलेली पोती एकमेकांवरून घसरतात, म्हणून त्यांचे थर कमी ठेवावे लागतात. त्याच गोदामात १८ थर लावले, तर क्षमता १९,४४० पोत्यांवर येते. म्हणून क्षमतेच्या आकड्यासोबत पोत्याचा प्रकार आणि थरांची संख्या लिहिलेली असावी.