क्लबहाउसमधली एसटी

सोसायटीचं क्लबहाउस संध्याकाळी पाचपासून मिळतं आणि फुग्यांची कमान उभी करायला दोन-अडीच तास लागतात. मोठ्या संकुलांमधल्या वाढदिवसांच्या निम्म्या कटकटी या एका गणितातून जन्माला येतात. पाहुणे मुलं दारात उभी, सजावटवाला शिडीवर, आई एका हातानं फुगे धरतेय आणि दुसऱ्या हातानं गेटवर अडकलेल्या केकवाल्याला आत सोडायला सांगतेय. त्या दिवशी आईबाप दोघांनी ऑफिसातून अर्धी रजा घेतलेली असते आणि ती अशी खर्ची पडते.

दोघंही नोकरी करणाऱ्या आईबापांना वाढदिवसासाठी सेवा विकत घ्याव्या लागतात, त्यात गैर काही नाही. मात्र पैसे चुकीच्या जागी जातात. सर्वांत मोठी रक्कम भिंतीवर खर्च होते. जंगल, डायनोसॉर, युनिकॉर्न, अंतराळ यांतली एक थीम ठरते, तिचा छापील पडदा लागतो, समोर पुठ्ठ्याचे प्राणी उभे राहतात. मुलं त्याकडे अर्धा मिनिट बघतात, आयांच्या आग्रहाखातर एक फोटो काढून घेतात आणि मग हॉलभर एकमेकांमागे धावत सुटतात. पुढचे दोन तास त्या मुलांनी करायचं काय, याचं उत्तर पडद्यावर नसतं.

थीम म्हणजे मुलांच्या हातांना मिळालेलं काम, असं मी मानते. आपल्याकडचं बोरन्हाण बघा. संक्रांतीनंतर पाच वर्षांपर्यंतच्या लेकराला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालतात, डोक्यावरून बोरं, कुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओततात आणि बाकीची मुलं त्यावर तुटून पडतात. पोशाख, खाऊ, खेळ आणि घरी न्यायची भेट सगळं एकाच कल्पनेतून येतं. सजावटवाला लागत नाही.

आमच्याच संकुलात एका मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला एसटीची थीम झाली, ती याच कारणासाठी तपशिलात सांगते. फ्रिजच्या खोक्यातून बसचा लाल दर्शनी भाग कापला होता, त्यात ड्रायव्हरची खिडकी. फोटोसाठी तेवढंच. खुर्च्या दोन आणि तीन अशा ओळींत. तिकिटं घरच्या प्रिंटरवर काढली, एका कागदावर आठ, म्हणजे चोवीस मुलांना तीन कागद पुरले. प्रत्येक तिकिटावर चार चौकोन, मार्ग पुणे–महाबळेश्वर, मधले थांबे खंबाटकी, वाई, पाचगणी आणि शेवटी महाबळेश्वर.

पैसे देऊन आणलेला माणूस एकच, खेळ घेणारा. त्याला खाकी शर्ट घालून कंडक्टर केलं आणि हातात दोरीला बांधलेली घंटा दिली. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीचा हा जुना संकेत सहा वर्षांच्या मुलांना दोन मिनिटांत कळला आणि तोच पहिला खेळ झाला. माइकवरून ओरडायची गरज उरली नाही, कारण हॉल शांत करायलाही तीच घंटा चालली. क्लबहाउसच्या फरशीवर आणि काचांवर माइकचा आवाज असा घुमतो की शब्द कळत नाहीत आणि लहानगी रडायला लागतात, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना घंटेची किंमत कळेल.

मग सहा-सहा मुलांचे चार गट, हॉलच्या चार कोपऱ्यांत चार थांबे. खंबाटकीला टेबलांवर चादरी टाकून बोगदा, त्यातून रांगत जायचं. (खरं तर पुण्याहून जाताना घाट लागतो आणि जुना बोगदा परतीच्या वाटेवर, पण ही हरकत घेणारे एक आजोबाच निघाले.) वाईला शाडूच्या मातीचा ढोल्या गणपती, पाचगणीला जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून तोल सांभाळत टेबललँडची कड, महाबळेश्वरला हिरव्या कागदी पानांत लपवलेले लाल चेंडू वेचायचे, त्या स्ट्रॉबेऱ्या. प्रत्येक थांब्याला आठ मिनिटं, गट हलायला दोन, म्हणजे चाळीस मिनिटांत फेरी पूर्ण. कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या माणसानं तिकिटाला पंच करायचा. चार माणसं लागली. त्यांत एक मावशी, एक काका आणि दोन कॉलेजची मुलं, ज्यांना थोडे पैसे दिले. वेगवेगळ्या सेवा बुक करण्यापेक्षा या दोन हातांवर खर्च करणं शहाणपणाचं. टॅटू आणि फेस पेंटिंगवाल्याकडे एका वेळी एकच मूल बसतं. एका चेहऱ्याला पाच मिनिटं धरली तर चोवीस मुलांना दोन तास झाले, आणि रांगेतली मुलं कंटाळून भांडतात. तो ठेवायचाच असेल तर मनगटावरचं छोटं चित्र, दीड मिनिटाचं.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली, हे कंडक्टरनं सांगितल्यावर मुलांना काही वाटलं नाही, आजी-आजोबांना मात्र विषय मिळाला आणि ते पुढचा अर्धा तास आपापल्या कोपऱ्यात बसून राहिले. आयोजकांच्या दृष्टीनं हाही फायदाच.

वय बदललं की हे जमत नाही. तीन वर्षांच्या मुलांना गट, पाळी, नियम कळत नाहीत. त्यांना माती, पाणी, चेंडू मोकळे द्यायचे आणि दीड तासात आटपायचं. या वयाला मोठ्या डोक्याचा मॅस्कॉट आणू नये, निम्मी मुलं आईच्या खांद्यावर चढतात. नऊ-दहाच्या मुलांना एसटी बालिश वाटेल. त्यांना संकुलभर चिठ्ठ्या शोधायचा खेळ आवडतो, मात्र पार्किंग आणि लिफ्ट या दोन जागा खेळाबाहेर असल्याचं आधी बजावावं लागतं.

आता वेळापत्रक. आपल्याकडे केक शेवटी कापतात, कारण कुणीतरी यायचं असतं. सातला मुलं भुकेनं चिडतात, साडेसातला केक येतो आणि जेवण पानात राहतं. एसटीच्या दिवशी पाचला मुलं आली ती थेट तिकीट रंगवायला बसली. उशिरा येणारे त्या पंचवीस मिनिटांत खपून गेले. मग घंटेचा खेळ, पावणेसहाच्या आत फेरी सुरू, सहा वीसला औक्षण आणि लगेच केक, सहा चाळीसला खाणं. साडेसातला हॉल रिकामा. केकनंतर एकही ठरवून दिलेला खेळ ठेवला नव्हता, कारण साखर पोटात गेल्यावर कुणी ऐकत नाही, असं त्या खेळवाल्यानंच बजावलं होतं.

माणसं बेचाळीस होती, चोवीस मुलं आणि अठरा मोठी. मुलाला पन्नास ग्रॅम आणि मोठ्याला सत्तर धरले तर केक अडीच किलो पुरतो. फाँडंटचा केक असेल तर वरच्या साखरेच्या थराचं वजनही त्यातच धरलेलं असतं, म्हणून खाण्याजोगा भाग कमी निघतो. वरच्या बाहुल्या आतून टूथपिकनं उभ्या केलेल्या असतात. त्या मुलांच्या हातात देण्याआधी काढायच्या. खायला छोटे, मिरची नसलेले बटाटेवडे, माणशी दोनच्या हिशेबानं चौऱ्याऐंशी झाले, शंभर मागवले. काही घरं जैन होती, त्यांच्यासाठी कच्च्या केळ्याचे वडे वेगळ्या तेलात आणि वेगळ्या ताटात. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे निमंत्रणातच विचारलं होतं. एका घरातून हो आलं, म्हणून कोरडी चटणी आणि चिक्की दोन्ही गाळली. दहा लिटर कोकम सरबत आणि पाण्याचे दोन मोठे जार. मुलं खातात थोडं आणि पितात फार.

सेवा देणाऱ्यांशी बोलताना फोटो बघून भुलण्यापेक्षा तीन गोष्टी मेसेजवर लिहून घ्याव्यात. किती वाजता येणार, किती वाजता पूर्ण होणार, उतरवून कोण नेणार. उतरवणं ठरलेलं नसेल तर रात्री नऊला दोनशे फुगे घरच्यांनाच फोडावे लागतात. हॉल दुपारी दोनपासून घेता येत नसेल तर कमान घेऊ नका. गेटच्या ॲपवर सगळ्यांची नोंद सकाळीच करून ठेवा. फलक, निमंत्रणं, फुग्यांच्या काड्या याबद्दलही स्पष्ट बोलावं. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी असलेल्या एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकचे चमचे आणि शंभर मायक्रॉनहून पातळ बॅनर आहेत. सजावटवाले ते आजही सर्रास आणतात.

फुग्यांबाबत खरी काळजी वेगळी आहे. तरंगणारे फुगे हेलियमचे असावेत, पण हेलियम महाग, म्हणून काही जण हायड्रोजन भरतात. तो पेट घेतो. नुसतं बघून कळत नाही, दर बाजारापेक्षा फारच कमी असेल तर शंका घ्यावी आणि फुगेवाला हॉलमध्येच सिलिंडरऐवजी भांड्यात कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम टाकून वायू तयार करत असेल तर त्याला तिथूनच परत पाठवावं. न तरंगणारे, पंपानं हवा भरलेले फुगे कुणाला कमी वाटत नाहीत. तसाच फेसाचा स्प्रे. त्यात दाबाखाली भरलेला वायू बहुधा ज्वलनशील असतो, आणि तो नेमका फवारला जातो तेव्हा समोर मेणबत्त्या किंवा औक्षणाचं निरांजन पेटलेलं असतं. स्प्रे नको, असं निमंत्रणातच लिहावं, कारण तो बहुतेक वेळा एखादा हौशी काका खिशातून काढतो.

हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला बऱ्याच संकुलांत पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर लावतात. तो जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा असतो आणि पोडियमवर खुंटी ठोकता येत नाही. वाळूच्या पुरेशा वजनदार गोण्या प्रत्येक कडीला बांधल्या आहेत का, हे स्वतः पाहावं. दोन टॉवरांच्या मधल्या फटीत वारा जोरात वाहतो. झाडांच्या लहान फांद्या सतत हलू लागल्या की मुलांना उतरवून पंखा बंद करावा. चार वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एकत्र आत सोडू नये.

संकुलातला आणखी एक प्रश्न गावात नसतो. न बोलावलेली मुलं गॅलरीतून सगळं बघत असतात. लॉनवर पार्टी असेल तर एका विंगेतली मुलं बोलवून दुसरीतली गाळणं जड जातं. म्हणून मर्यादित यादी असेल तर बंद हॉलच घ्यावा आणि निमंत्रण मोठ्या ग्रुपवर न टाकता एकेका घरी पाठवावं.

शेवटची वीस मिनिटं सर्वांत निसरडी. पार्टी खालीच असते म्हणून आईबाबा मुलांना सोडून घरी गेलेले असतात आणि कुणीतरी सहा वर्षांचं मूल एकटंच लिफ्टकडे निघतं. दाराशी एक मोठं माणूस यादी घेऊन बसवावं. नाव, फ्लॅट नंबर, फोन, कोण न्यायला येणार. भेट तिथेच, मूल ताब्यात घेणाऱ्याच्या हाती. एसटीच्या दिवशी भेट म्हणून खादीची छोटी पिशवी, त्यात रंगीत खडू आणि पंच केलेलं तिकीट होतं. ज्याचे चारही चौकोन पंच झाले नव्हते अशा एकाला कंडक्टरनं दारातच उरलेले दोन मारून दिले. मग फुटलेल्या फुग्यांचे तुकडे सर्वांत आधी वेचले, कारण रांगणारं बाळ ते तोंडात घालतं आणि त्यानं श्वास कोंडू शकतो. खुर्च्या, ओला-सुका कचरा त्यानंतर. सुपरवायझर हॉल बघायला आला तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती.