पासवर्ड टाइप होतो, पण दिसत नाही

उबुंटू २४.०४ मध्ये टर्मिनल उघडून `sudo apt update` ही आज्ञा दिली की संगणक पासवर्ड मागतो:

```
[sudo] password for meera:
```

इथे अक्षरे टाइप करू लागल्यावर स्क्रीनवर काहीच उमटत नाही. ठिपके येत नाहीत, तारे येत नाहीत, कर्सरही जागचा हलत नाही. बँकेच्या किंवा ईमेलच्या पानावर प्रत्येक कळीमागे एक ठिपका पाहण्याची सवय झालेला माणूस साहजिकच समजतो की कीबोर्ड बंद पडला. क्षणापूर्वी त्याच कीबोर्डवरून `sudo apt update` ही अक्षरे नीट उमटली होती, हे त्या गोंधळात लक्षात येत नाही.

टर्मिनलमध्ये कळ दाबणे आणि अक्षर दिसणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दाबलेले अक्षर टर्मिनलच्या खिडकीतून कर्नलकडे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे जाते. टर्मिनल सांभाळणारा कर्नलचा भाग तिथे दोन कामे करतो. एक, अक्षरे साठवून एंटर दाबल्यावर पूर्ण ओळ प्रोग्रॅमच्या हाती देतो. दोन, प्रत्येक अक्षराची प्रत स्क्रीनकडे परत पाठवतो. हे दुसरे काम बंद करता येते. `sudo` पासवर्ड मागताना नेमके तेवढेच बंद करते आणि पासवर्ड मिळाला की पुन्हा चालू करते. पहिले काम मात्र अखंड चालू असते.

याची खात्री स्वतः करून घेता येते. उबुंटूच्या नेहमीच्या बॅश शेलमध्ये पुढच्या तीन ओळी एकेक करून द्याव्यात आणि प्रत्येकीनंतर एंटर दाबावे:

```
stty -echo
date
stty echo
```

पहिल्या ओळीनंतर अक्षरे दिसेनाशी होतात. `date` ही आज्ञा टाइप करताना दिसत नाही, तरी एंटर दाबताच तारीख आणि वेळ छापली जाते. तिसरी ओळही न दिसताच टाइप करायची. त्यानंतर सारे पूर्ववत होते.

ही रीत टेलिटाइपच्या काळातली आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत अनेक संगणकांशी संवाद कागदावर छापणाऱ्या यंत्रांमधून होई. एकदा छापलेला पासवर्ड कागदावर राहिला की तो कोणालाही वाचता येई, म्हणून तो छापूच न देणे हाच सरळ उपाय होता. काही यंत्रे दाबलेली कळ स्वतःच छापत. तिथे संगणक एकाच जागी अनेक अक्षरे एकमेकांवर छापून काळा पट्टा तयार करी आणि पासवर्ड त्या पट्ट्यावर उमटे.

स्क्रीन आल्यावरही रीत टिकली, कारण ताऱ्यांमुळे पासवर्डची लांबी उघड होते. पाठीमागे उभ्या असलेल्याला तो सहा अक्षरी आहे एवढे कळले, तरी अंदाज बांधणाऱ्याचे काम बरेच हलके होते. तरीही घरच्या, एकट्याने वापरायच्या संगणकावर हा धोका लहान आहे आणि नवख्याचा गोंधळ मोठा, असे मानणेही योग्यच. लिनक्स मिंटने तोच कौल दिला आहे; तिथे `sudo` तारे दाखवते. त्यासाठीच्या पर्यायाचे नाव `pwfeedback`. मॅकच्या टर्मिनलमध्ये तारे नसतात, पण कर्सरच्या जागी किल्लीचे छोटे चित्र येते.

कीबोर्ड बिघडला असे समजणारा माणूस त्याच कळा पुन्हा पुन्हा आणि जोरात दाबतो. ती सगळी अक्षरे साठत जातात. अखेर एंटर दाबल्यावर थोडे थांबून `Sorry, try again.` असे उत्तर येते. खरे तर हे उत्तर म्हणजे कीबोर्ड चालू असल्याचा पुरावा आहे. काही ना काही पोहोचले, म्हणूनच ते चुकीचे ठरले. सहसा तीन चुकांनंतर `sudo` प्रयत्न थांबवते आणि आज्ञा पुन्हा द्यावी लागते. मधेच गोंधळ झाला तर कंट्रोल आणि यू एकत्र दाबावे. टाइप केलेले सगळे पुसले जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करता येते. बॅकस्पेसही एकेक अक्षर पुसतो, फक्त ते दिसत नाही.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर कारण बहुधा न दिसणाऱ्या अक्षरांतच असते. कॅप्स लॉक चालू असतो, नाहीतर बाजूच्या अंकपट्टीचा नम लॉक बंद असतो. मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते: कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलेला असतो आणि इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे आत जात असतात. अशा वेळी कंट्रोल आणि सी दाबून पासवर्डची विचारणा रद्द करावी आणि साध्या ओळीवर पासवर्डशी संबंध नसलेली चार अक्षरे व दोन अंक टाइप करून पाहावेत. जे उमटेल त्यावरून कळते की आत काय जात होते. पासवर्ड मात्र तिथे उघडा टाइप करू नये. चुकून एंटर दाबले गेले तर तो आज्ञांच्या इतिहासात साठतो. साध्या ओळीवरही काहीच उमटले नाही, तर एखादा प्रोग्रॅम अर्ध्यावर बंद पडून अक्षरे दाखवण्याचे काम बंदच राहिलेले असू शकते. तेव्हा न दिसताच `stty sane` टाइप करून एंटर दाबावे. त्यानंतरही अक्षर दिसले नाही आणि दुसऱ्या खिडकीतही टाइप होत नसेल, तरच कीबोर्डची तार किंवा बॅटरी तपासायला घ्यावी.