वेग गाठण्याची शक्ती आणि वेग टिकवण्याची शक्ती

मोटारीच्या माहितीपत्रकात इंजिनाची कमाल शक्ती ठळकपणे छापलेली असते. मध्यम आकाराच्या पेट्रोल हॅचबॅकसाठी ती बहुधा ६६ किलोवॅट, म्हणजे ९० अश्वशक्तीच्या आसपास असते. तीच मोटार सपाट महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने एकसारखी धावते, तेव्हा इंजिनाला यातली जेमतेम पाचवा हिस्सा शक्ती द्यावी लागते. उरलेली शक्ती तो वेग ठरावीक सेकंदांत गाठण्यासाठी असते. हा फरक कुठून येतो, हे मोटारीचे वस्तुमान, वेग आणि वेळ या तीन आकड्यांवरून काढता येते.

उदाहरणासाठी माणसे आणि सामान धरून १,२०० किलो वस्तुमानाची मोटार घेऊ. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. धावत्या वस्तूत साठलेली गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. या मोटारीसाठी ती सुमारे ४६३ किलोज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेत हीच मोटार ३९ मीटर, म्हणजे बारा मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत उचलता येईल. विशेष म्हणजे या आकड्यात वेळ कुठेच येत नाही. मोटार १०० चा वेग दहा सेकंदांत गाठो की मिनिटभरात, तिच्यात साठणारी ऊर्जा तेवढीच राहते.

वेळ आली की प्रश्न शक्तीचा होतो, कारण शक्ती म्हणजे दर सेकंदाला दिलेली ऊर्जा. हे ४६३ किलोज्यूल १२ सेकंदांत द्यायचे तर सरासरी ३८.६ किलोवॅट लागतात, ८ सेकंदांत द्यायचे तर ५८, आणि २० सेकंद चालणार असतील तर फक्त २३. वेळ निम्मी केली की शक्ती दुप्पट लागते. वस्तुमान वीस टक्क्यांनी वाढले, तर शक्तीही वीस टक्क्यांनी वाढते.

पण ३८.६ किलोवॅटचे इंजिन बसवून ही मोटार १२ सेकंदांत १०० चा वेग गाठणार नाही, कारण काही खर्च अजून हिशेबात आलेले नाहीत. वेग वाढत असतानाही हवा आणि टायर विरोध करतच असतात. सुरुवातीला हा विरोध किरकोळ असतो, शेवटी बराच होतो. सरासरी चारेक किलोवॅट त्यात जातात. चाके, गिअर आणि इंजिनाचे फिरते भाग पुढे सरकतात तसेच स्वतःभोवती अधिकाधिक जोराने फिरूही लागतात. त्यासाठी आणखी सुमारे तीन किलोवॅट धरावे लागतात. अशा रीतीने चाकांवर सरासरी ४६ किलोवॅट पोहोचले पाहिजेत. गिअरबॉक्स आणि ॲक्सलमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास शक्ती वाया जाते, म्हणून इंजिनाकडून ५१ किलोवॅट घ्यावे लागतात.

हीदेखील सरासरीच आहे. पेट्रोल इंजिन आपली कमाल शक्ती एका ठरावीक फेऱ्यांच्या आसपासच देते. प्रत्येक गिअरमध्ये फेरे खालून वर चढत जातात आणि गिअर बदलताना क्षणभर चाकांना काहीच मिळत नाही. त्यामुळे १२ सेकंदांची सरासरी कमाल शक्तीच्या तीन-चतुर्थांशाच्या जरा वर राहते. त्या हिशेबाने ५१ किलोवॅटची सरासरी मिळायला कमाल शक्ती ६६ किलोवॅटच्या घरात हवी. माहितीपत्रकातल्या ९० अश्वशक्ती इथून येतात.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. जोर म्हणजे शक्ती भागिले वेग, त्यामुळे मोटार जवळजवळ थांबलेली असताना थोड्या शक्तीतूनही प्रचंड जोर निघू शकतो. तो सगळा रस्त्यावर उतरत नाही, कारण टायरची पकड संपली की चाके जागीच फिरू लागतात. म्हणून पहिल्या दोन-तीन सेकंदांत टायर आणि पहिला गिअर किती जोर देऊ शकतात याला महत्त्व असते, आणि इंजिनाच्या शक्तीचा कस त्यानंतर लागतो. ओल्या रस्त्यावर ही मर्यादा आणखी लवकर येते.

आता स्थिर वेगाकडे वळू. वेग वाढत नसेल तर गतिज ऊर्जाही वाढत नाही. इंजिनाला फक्त विरोधाची भरपाई करायची असते. त्यातला मोठा भाग हवेचा असतो. हा विरोध मोटारीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, तिच्या आकाराचा गुणांक, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो. समोरचे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि गुणांक ०.३३ धरला, तर १०० च्या वेगाला हवा सुमारे ३२५ न्यूटन जोराने मोटारीला मागे रेटते. या जोराला वेगाने गुणले की ९ किलोवॅट मिळतात. टायर रस्त्यावर सतत दबत आणि सुटत असतात, त्यात आणखी १४० न्यूटन, म्हणजे जवळपास ४ किलोवॅट खर्च होतात. दोन्ही मिळून १३ किलोवॅट, आणि वाटेतली गळती धरून इंजिनाकडून साडेचौदा. म्हणजे वीस अश्वशक्तीसुद्धा लागत नाहीत.

हा आकडा तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. मोटार चाचणीच्या सपाट मार्गावर १०० च्या वर नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती आपोआप किती मंदावते ते मोजतात. वरच्या मोटारीचा वेग १०५ वरून ९५ वर यायला सुमारे ७ सेकंद लागतील. त्यावरून दर सेकंदाची घट काढून तिला वस्तुमानाने आणि वेगाने गुणले की पुन्हा १३ किलोवॅट हाती येतात. वारा आणि उतार यांचा परिणाम निघून जावा म्हणून ही चाचणी दोन्ही दिशांना घेतात. पुण्यातील एआरएआयसारख्या चाचणी संस्थांत मोटार रोलरवर चालवून धूर आणि इंधन मोजले जाते, तेव्हा रोलरने किती विरोध करायचा हे अशाच मोजमापावरून ठरते.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की वस्तुमानाची भूमिका स्पष्ट होते. वेग गाठण्याच्या हिशेबात ते थेट गुणले जाते. वेग टिकवण्याच्या हिशेबात मात्र ते फक्त टायरच्या वाट्यात येते, आणि तो वाटा एकूण खर्चाच्या तीस टक्के आहे. त्यामुळे मोटार वीस टक्क्यांनी जड झाली तरी सपाट महामार्गावर सुमारे सहा टक्केच जास्त शक्ती लागते. वेगाचा परिणाम याच्या उलट आहे. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १०० ऐवजी १४० चा वेग ठेवला, तर हवेचे ९ किलोवॅट जवळपास २५ होतात आणि इंजिनाकडून एकूण ३३ किलोवॅटच्या वर लागतात. तरीही ९० अश्वशक्तीच्या इंजिनाची निम्मी शक्ती शिल्लक राहते.

ती शिल्लक रोजच्या वापरात सर्वांत जास्त उपयोगी पडते ओव्हरटेक करताना. शून्यावरून २० पर्यंत जायला या मोटारीला साडेअठरा किलोज्यूल पुरतात. ८० वरून १०० वर जायला मात्र १६७ किलोज्यूल लागतात. वेगातली वाढ तेवढीच असूनही ऊर्जा नऊपट लागते, कारण ती वेगाच्या वर्गावर ठरते. हे काम पाच सेकंदांत उरकायचे तर ३३ किलोवॅट हवेत. शिवाय त्या वेगाला विरोधापायी जाणारे १० किलोवॅट सुटत नाहीत. गळती धरून इंजिनाकडे ४८ किलोवॅटची मागणी होते. ट्रकच्या मागे रेंगाळताना हे इंजिन आठनऊ किलोवॅटवर चालू होते. पुढची काही सेकंद त्याच्याकडून पाचपटीहून जास्त काम हवे असते.

चढणीवर वस्तुमान पुन्हा पुढे येते. पाच टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर, हीच मोटार ६० च्या वेगाने चढू लागली, तर केवळ उंची गाठण्यासाठी जवळपास १० किलोवॅट लागतात. बोरघाटात सामानाने लादलेली छोटी मोटार खालचा गिअर मागते ती त्यामुळेच. या वेगाला हवेचा विरोध दोन किलोवॅटपर्यंतच असतो.

कमी शक्तीच्या मोटारीत नेमके काय उणे असते, हे प्रीमियर पद्मिनीवरून कळते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या मोटारीचे १,०८९ सीसीचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे, म्हणजे ३० किलोवॅटच्या आतबाहेर होते. तिची चौकोनी ठेवण हवेला जास्त अडवणारी होती, तरी १०० चा वेग टिकवण्यापुरती शक्ती तिच्यात होती. माणसांसह १,०५० किलो धरले तर त्या वेगाला तिच्यात ४०५ किलोज्यूल साठतात. इंजिनाची सरासरी २२ किलोवॅट मानून त्यातून गळती आणि विरोध वजा केला, तर वेग वाढवायला पंधराच उरतात. त्या दराने १०० चा वेग गाठायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. तिची अडचण वेगापेक्षा वेळेत होती.

मोठ्या इंजिनाची किंमत मात्र स्थिर वेगाला चुकवावी लागते. पेट्रोल इंजिनाला थोडेच काम द्यायचे असेल तर हवेची झडप जवळजवळ बंद ठेवावी लागते. मग आत हवा ओढण्यातच त्याची काही शक्ती जाते आणि घर्षणाचा खर्चही कायम राहतो, त्यामुळे जळालेल्या इंधनातून चाकांपर्यंत कमी ऊर्जा पोहोचते. पाचवा किंवा सहावा गिअर हे नुकसान कमी करतो: फेरे उतरतात, झडप जास्त उघडते आणि तीच शक्ती कमी इंधनात मिळते. टर्बोचार्जर लावलेले छोटे इंजिनही हेच साधते. एरवी ते छोटे राहते आणि मागणी आली की जास्त हवा घेऊन मोठ्या इंजिनाचे काम करते.

हायब्रिड मोटारीत दोन्ही कामे वाटून दिलेली असतात. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस विक्रीला आणली. तिचे दीड लिटरचे इंजिन महामार्गावरची सलग गरज भागवायला पुरेसे होते आणि वेग वाढवताना विजेची मोटर त्याला जोड देत असे. ब्रेक लावताना गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत घेता येत असल्याने वस्तुमानासाठी मोजलेली किंमतही थोडी वसूल होते. हवेत गेलेली ऊर्जा मात्र कोणत्याही यंत्रणेने परत मिळत नाही. तिच्यासाठी वेग कमी ठेवणे किंवा मोटारीचा आकार निमुळता करणे एवढेच उपाय आहेत.