चुकलेली गोळी आणि फसवी पाळी

एक नमुन्याचा प्रसंग. नणंदेच्या लग्नाच्या धावपळीत माला-एनच्या पाकिटातली सतरावी आणि अठरावी गोळी राहून गेली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी रक्तस्राव सुरू झाला. पाळी लवकर आली असे समजून तिने पाकीट बाजूला ठेवले आणि पाचव्या दिवशी नवे सुरू करायचे ठरवले.

इथेच घोटाळा झाला. ही पाळी नव्हेच. गोळ्यांतली संप्रेरके शरीराला मिळेनाशी झाली की दोन-तीन दिवसांत गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते. त्यामुळे अशा रक्तावरून गर्भ राहिला नाही, असे मानता येत नाही.

पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ रंगीत गोळ्या असतात. लोहाच्या आठवड्यात बीजकोश जागे होऊ लागतात, पण सातव्या दिवसानंतर नवे पाकीट त्यांना पुन्हा शांत करते. ही सुट्टी लांबली की बीज सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून नवे पाकीट उशिरा सुरू करणे सर्वांत महागात पडते, आणि नेमके तेच ती करणार होती.

तिने करायचे ते असे: रक्त जात असले तरी अठरावी गोळी आठवताच घ्यायची, एकोणिसावी नेहमीच्या वेळी, एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालते. सतरावी सोडून द्यायची. एकविसावी संपली की रंगीत गोळ्या न घेता दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट उघडायचे. सलग सात दिवस संप्रेरकांच्या गोळ्या पोटात जाईपर्यंत, म्हणजे नव्या पाकिटातली चौथी घेईपर्यंत, निरोध वापरायचा.

एकच गोळी चुकली तर ती लगेच घेऊन पुढे चालायचे, निरोधाची गरज नाही. पहिल्या आठवड्यात दोन किंवा जास्त चुकल्या आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर मात्र आपत्कालीन गोळीबद्दल डॉक्टरांना किंवा आशाताईंना लगेच विचारावे. ती जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली, शक्यतो ७२ तासांच्या आत. (आठवड्याला घ्यायच्या ‘छाया’चे नियम वेगळे आहेत.)

रंगीत गोळ्या गाळल्याने त्या महिन्यात पाळीसारखा स्रावही येत नाही आणि काळजी वाटते. त्या सात दिवसांत निरोधाविना संबंध आला असेल, तर त्या दिवसापासून २१ दिवसांनी लघवीची चाचणी करावी. त्याआधी आलेली एकच रेघ खात्रीची नसते. पुढच्या पाकिटाच्या रंगीत आठवड्यातही स्राव आला नाही, तरीही चाचणी करावी. निकाल येईपर्यंत गोळ्या चालू ठेवल्याने गर्भाला अपाय होत असल्याचे दिसलेले नाही.

तासाला एक पॅड भिजत असेल, किंवा ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, भोवळ वा खांद्यात दुखणे असेल, तर चाचणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. गर्भ नळीत वाढत असण्याची शक्यता तपासावी लागते.