अर्धा बंद म्हणजे किती बंद?

आमच्या सोसायटीत दोन विंग आणि एकच पंप. खालच्या टाकीतून पाणी वर चढतं, गच्चीवर पाइप दोन फाटे फुटून एक ‘ए’च्या टाकीला आणि एक ‘बी’च्या टाकीला जातो. ‘ए’ची टाकी फाट्याच्या जवळ, ‘बी’ची लांब. त्यामुळे ‘ए’ची टाकी भरून वाहायला लागायची तेव्हा ‘बी’च्या टाकीत जेमतेम तळ झाकलेला असायचा. उपाय सगळ्यांना सुचतो तोच आम्हाला सुचला. ‘ए’च्या फाट्यावर चाकाचा गेट व्हॉल्व्ह होता, तो अर्धा बंद केला. फरक शून्य. मग पाऊण बंद केला. तरीही ‘ए’ची टाकी आधीच भरायची. शेवटी वॉचमनने चाक आणखी थोडं फिरवलं आणि ‘ए’चं पाणी जवळजवळ थांबलंच. दुसऱ्या दिवशी ‘ए’ विंगमधून फोन सुरू झाले.

वॉचमनचा हात चुकत नव्हता. गेट व्हॉल्व्हची रचनाच तशी असते.

गेट म्हणजे पाइपाच्या वाटेत वरून खाली सरकणारी पाचरीसारखी धातूची चकती. चाक फिरवलं की स्पिंडलच्या आट्यांवरून ती वर-खाली होते. पूर्ण वर गेली की वाटेतून पूर्ण बाहेर, आणि पाणी सरळ पाइपातून जावं तसं आरपार जातं. अडथळा नसल्यातच जमा. महापालिकेच्या रस्त्याखालच्या मोठ्या लाइनवर जे स्लूस व्हॉल्व्ह असतात, तेही याच जातीचे.

आता पाणी किती जाईल हे एकट्या व्हॉल्व्हवर ठरत नाही. पाइपाचं घर्षण, वळणं आणि व्हॉल्व्ह या सगळ्यांच्या अडथळ्यांची बेरीज करावी लागते. आमचा फाटा दोन इंची, म्हणजे 50 मिलिमीटरचा आणि सुमारे 50 मीटर लांब. एवढ्या पाइपाचा, वळणांसकट, अडथळा हिशेबात साधारण 30 येतो. (हा आकडा नुसता गुणांक आहे, त्याला किलो-मीटर लागत नाहीत.) पूर्ण उघडा गेट त्यात जेमतेम 0.2 ची भर घालतो. गेट थोडा थोडा बंद केला की अडथळा कसा वाढतो, हे एकोणिसाव्या शतकात युलिउस वाइसबाख या जर्मन अभियंत्याने मोजून ठेवलं. त्याचे आकडे अजून वापरात आहेत. त्यांच्यानुसार अर्धा बंद गेट अडथळ्यात फक्त 2 ची भर घालतो, पाऊण बंद 17 ची, आणि आठ हिश्श्यांपैकी सात हिस्से बंद केला तर जवळजवळ 98 ची.

फाट्याच्या तोंडाशी दाब तोच राहतो असं धरलं, तर पाणी या बेरजेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जातं. म्हणजे अडथळा चौपट झाला तर पाणी निम्मं होतं. चाकाचे एकूण आठ फेरे आहेत असं समजा. चार फेरे बंद केले, म्हणजे बरोबर अर्धा व्हॉल्व्ह बंद झाला, तरी पाणी सुमारे 97 टक्के जातं. पाच फेऱ्यांनंतर 92 टक्के, आणि सहा फेऱ्यांनंतरही 80 टक्के. सातव्या फेऱ्यात मात्र ते एकदम 50 टक्क्यांच्या जरा खाली येतं, आणि उरलेलं सगळं आठव्यात संपतं. वॉचमनने चाक ‘आणखी थोडं’ फिरवलं ते नेमकं या उतारावर. पाणी निम्मं करायचं तर गेटखाली चंद्रकोरीएवढी फट उरायला हवी होती, आणि तिथे चाकाचा पाव फेराही फार मोठा ठरतो.

ही फटच पुढे व्हॉल्व्हचा जीव घेते. तिच्यातून पाणी जोराने निसटतं आणि गेटची खालची कड व तिच्यासमोरची बैठक घासत राहतं. बंद करताना पाणी अडवायचं काम याच कडेकडे असतं. शिवाय गेट खाचांमध्ये थोडा सैल असतो, त्यामुळे अर्धवट अवस्थेत तो थरथरतो. पाइपावर हात ठेवला तर बारीक कंप जाणवतो, कधी खडखड ऐकू येते. असे काही महिने गेले की गेट पूर्ण बंद करूनही टाकीत पाण्याची धार चालूच राहते. प्लंबर मग चाक पान्याने आवळतो. त्याने एक तर स्पिंडलचे आटे जातात, नाहीतर गेट स्पिंडलवरून सुटतो आणि चाक नुसतं गरगर फिरतं. कधीकधी व्हॉल्व्ह गळण्याचं कारण खालच्या खाचेत साचलेला गाळ असतो. तो धुतला जाऊ शकतो. त्यासाठी गेट थोडा उघडून पाणी जोरात जाऊ द्यायचं आणि पुन्हा बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं आणि धार थांबली, तर तो गाळ होता. नाही थांबली तर बैठक गेली असं समजावं.

आमचा व्हॉल्व्ह पुढे खोलला तेव्हा गेटच्या खालच्या कडेवर नखाने जाणवतील अशा उभ्या रेघा होत्या. वरचा भाग मात्र नव्यासारखा.

प्लंबर म्हणाला, “काका, बॉल व्हॉल्व्ह टाकू. पाव फेऱ्यात काम होतं.” (बॉल व्हॉल्व्ह आणि टाकीतला बॉलकॉक यांचा संबंध नाही. बॉलकॉक म्हणजे तरंगणाऱ्या फुग्याने बंद होणारा नळ. दुकानात या दोन शब्दांनी बराच गोंधळ होतो.) बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक पाडलेला गोळा असतो आणि तो टेफ्लॉनच्या दोन कड्यांमध्ये बसतो. लिव्हर पाइपाला समांतर असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. लांबूनही कळतं, हा त्याचा मोठा गुण. तो घट्ट बंद होतो, वर्षानुवर्षं गळत नाही, आणि ‘फुल बोअर’ घेतला तर उघडा असताना अडथळा गेटपेक्षाही कमी असतो. उघडणं-बंद करणं एवढंच काम असेल तर मी आज घरातल्या बहुतेक ठिकाणी बॉलच लावीन.

पण आमचं काम पाणी निम्मं करण्याचं होतं. गोल भोकाच्या फिरत्या कॉकवरही वाइसबाखने मोजण्या केल्या होत्या, आणि बॉलचं वागणं त्याच धाटणीचं असतं. त्या आमच्या फाट्याला लावल्या तर लिव्हर 30 अंश वळवूनही पाणी 92 टक्के राहतं, 50 अंशांवर सुमारे 60 टक्के, आणि 60 अंशांवर एकदम 36. म्हणजे कळीच्या जागी लिव्हरला बोटभर धक्का लागला तरी टाकीचं गणित बिघडतं. त्यात अर्धवट उघड्या गोळ्याच्या कडेवरून निघणारा झोत टेफ्लॉनच्या कड्यावर एकाच जागी बसतो. कडं तिथे दबतं किंवा कापलं जातं, आणि घट्ट बंद होण्याचा जो गुण म्हणून बॉल घेतला तोच जातो.

पाव फेऱ्याचा आणखी एक धोका असतो. चालू पाणी एकदम थांबलं की त्याचा वेग धक्का बनून पाइपात मागे धावतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की या शास्त्रज्ञाने 1898 मध्ये त्याचं सूत्र दिलं. सेकंदाला 1 मीटर वेगाचं पाणी लोखंडी पाइपात क्षणात थांबलं तर दाब 12-13 बारने, म्हणजे सुमारे सव्वाशे मीटर उंचीच्या पाण्याइतका, उसळतो. प्लास्टिकच्या पाइपाची भिंत थोडी फुगते, म्हणून तिथे धक्का बराच कमी बसतो. आणि ‘क्षणात’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. धक्क्याची लाट पाइपाच्या टोकाला जाऊन परत यायच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तरच पूर्ण धक्का बसतो. इमारतीच्या छोट्या पाइपात ही लाट काही शतांश सेकंदात परततेही, त्यामुळे तिथे ‘ठक्’ एवढ्यावर निभावतं. विहिरीपासून शेतापर्यंत पाचशे मीटर लोखंडी लाइन असेल तर लाटेला पाऊण सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात लिव्हर सहज आडवा होतो. अशा लाइनवर बॉल असेल तर तो हळूहळू बंद करावा.

मग उरला ग्लोब. नाव अपरिचित वाटेल, पण वायसरचा जुना पितळी नळ म्हणजे छोटा ग्लोब व्हॉल्व्हच. आत आडवी भिंत, भिंतीत गोल भोक, आणि स्पिंडलच्या टोकाची चकती त्या भोकावर वरून येऊन बसते. पाणी खालून येतं, भोकातून वर चढतं आणि पुन्हा वळून पुढे जातं. चकती वर उचलली की तिच्या भोवती गोल फट तयार होते. भोकाच्या व्यासाच्या पाव भागाएवढी चकती उचलली, की ही फट भोकाएवढीच मोकळी होते. दोन इंची व्हॉल्व्हला ही उचल फक्त साडेबारा मिलिमीटर. चाकाचे फेरे या थोड्या अंतरावर पसरलेले असतात, म्हणून प्रत्येक फेऱ्याला पाणी बदलतं. फट चहूबाजूंनी सारखी असल्याने झीजही एका कोपऱ्यात साचत नाही, आणि चकती स्पिंडलने दाबून धरलेली असल्याने थरथरत नाही. बारीक नियंत्रण हवं असेल तर सपाट चकतीऐवजी शंकूसारखी चकती असलेला घ्यावा. सपाट चकती पहिल्या काही फेऱ्यांतच बरंचसं पाणी सोडून देते.

या वळणाची किंमत आहेच. पूर्ण उघड्या ग्लोबचा अडथळा साधारण 10, गेटच्या पन्नासपट. आमच्या फाट्यावर नुसता तो बसवल्यानेच पाणी सुमारे 13 टक्के कमी होणार होतं. ‘ए’ला कमीच करायचं होतं म्हणून ते चाललं. टाकीखालून उतरणाऱ्या मुख्य लाइनवर, जिथे दाब मुळात कमी असतो, तिथे हाच ग्लोब बसवला तर वरच्या मजल्यावरचे लोक शॉवरखाली उभे राहून समितीला शिव्या देतील. पंपाच्या ओढीच्या बाजूला तर तो कधीच नको.

आणखी एक चूक सर्रास होते. ग्लोबच्या अंगावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेनेच पाणी जायला हवं. चकती सैल असलेला स्टॉप कॉक उलटा बसला, तर पाणी चकतीला वरून दाबून भोक बंद करतं. चाक कितीही फिरवा, धार येत नाही. आणि साधा ग्लोब उलटा बसला तर बंद असतानाही ग्लँडच्या पॅकिंगवर पूर्ण दाब राहतो आणि ती पाझरायला लागते. घेताना पितळी किंवा गनमेटलच्या गेट आणि ग्लोबवर आयएस 778 चा शिक्का पाहावा.

आम्ही शेवटी ‘ए’च्या फाट्यावर दोन व्हॉल्व्ह लावले. आधी बॉल, बंद करायला. पुढे ग्लोब, पाणी ठरवायला. दोन्ही टाक्यांत पट्टी सोडून दहा मिनिटांत पाणी किती चढतं ते पाहिलं, ग्लोब थोडा बंद केला, पुन्हा मोजलं. चौथ्या मोजणीला दोन्ही पट्ट्यांवर जवळपास सारखी वाढ दिसली. तेव्हा चाक पूर्ण बंद स्थितीपासून किती फेरे उघडं आहे ते मोजलं आणि चाकाच्या कडेला व अंगावर तेलरंगाची एक रेघ ओढली. प्लंबरने चाकच काढून वॉचमनच्या खोलीत टांगून ठेवलं. बॉलचा लिव्हर मात्र जागेवर आहे, आणि गच्चीवर धूत वाळत घालणारे त्याला कपडे अडकवतात.