क्रमांक विभागून द्यायचा, तर कितवा?

एकांकिका स्पर्धेच्या निकालात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘द्वितीय क्रमांक विभागून.’ समजा, दुसरं बक्षीस पाच हजारांचं आहे आणि तिसरं तीन हजारांचं. दोन संघांचे गुण अगदी सारखे आले, तर हिशेबी खजिनदार दोन्ही बक्षिसांची बेरीज करतो आणि आठ हजारांचे दोन सारखे भाग करतो. प्रत्येकाला चार हजार मिळतात. पुढचा संघ मग आपोआप चौथा ठरतो, कारण दोन आणि तीन या दोन्ही जागा भरलेल्या असतात. मंडळाच्या तिजोरीतून एक रुपयाही जास्त किंवा कमी जात नाही.

संख्याशास्त्रात क्रमांकांवर चालणाऱ्या चाचण्या असतात, त्यांत बरोबरी आली की नेमकं हेच करतात. बरोबरीतल्या निरीक्षणांनी मिळून जेवढ्या जागा अडवल्या असतील, त्या जागांची सरासरी प्रत्येकाला द्यायची. या सरासरी क्रमांकाला मिड-रँक म्हणतात. आपण त्याला मधला क्रमांक म्हणू. नियम एका ओळीचा आहे, पण त्याचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. तो दिसायला एक खरं उदाहरण शेवटपर्यंत सोडवायला हवं.

उदाहरण जुनं आहे आणि माश्या मारण्याच्या फवाऱ्याचं आहे. फ्रँक विल्कॉक्सन हे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ. कीटकनाशकांच्या चाचण्यांचे आकडे रोज त्यांच्यापुढे यायचे. १९४५ साली त्यांनी ‘बायोमेट्रिक्स बुलेटिन’मध्ये अवघ्या चार पानांचा एक लेख लिहिला. मूळ आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक घेतले तर दोन गटांची तुलना झटपट करता येते, हे त्यांनी त्यात दाखवलं. मॅन आणि व्हिटनी या दोघांनी १९४७ मध्ये तीच कल्पना गणिताच्या अंगाने विस्ताराने मांडली. विल्कॉक्सन यांच्या लेखात दोन फवाऱ्यांच्या प्रत्येकी आठ चाचण्या होत्या. दर चाचणीत शेकडा किती माश्या मेल्या, त्याचे हे आकडे :

फवारा अ : ६८, ६८, ५९, ७२, ६४, ६७, ७०, ७४
फवारा ब : ६०, ६७, ६१, ६२, ६७, ६३, ५६, ५८

अ-ची सरासरी ६७.७५ आणि ब-ची ६१.७५. फरक सहाचा आहे. तो फवाऱ्याच्या गुणाचा की नुसत्या योगायोगाचा, हा प्रश्न.

पहिली पायरी म्हणजे सोळाही आकडे एकाच रांगेत, लहानापासून मोठ्यापर्यंत उभे करायचे. दोन गटांच्या वेगळ्या रांगा लावल्या तर चाचणीच उरत नाही. कोणता आकडा कोणाचा, ते मात्र विसरायचं नाही :

५६ब, ५८ब, ५९अ, ६०ब, ६१ब, ६२ब, ६३ब, ६४अ, ६७अ, ६७ब, ६७ब, ६८अ, ६८अ, ७०अ, ७२अ, ७४अ

दुसरी पायरी क्रमांक देण्याची. पहिल्या आठांना १ ते ८ सरळ मिळतात. मग ६७ तीनदा येतो. या तिघांनी ९, १० आणि ११ या जागा अडवल्या आहेत. त्यांची सरासरी १०, म्हणून तिघांनाही १०. पुढे ६८ दोनदा येतो. त्यांच्या जागा १२ आणि १३, म्हणून दोघांना साडेबारा. त्यानंतर ७०, ७२ आणि ७४ यांना १४, १५, १६. अर्धा क्रमांक बघून दचकू नये. हा कोणाच्या छातीवर लावायचा बिल्ला नाही, बेरजेत धरायचा आकडा आहे.

तिसरी पायरी बेरजेची. अ-चे क्रमांक ३, ८, १०, १२.५, १२.५, १४, १५, १६, बेरीज ९१. ब-चे १, २, ४, ५, ६, ७, १०, १०, बेरीज ४५. दोन्ही मिळून १३६. एक ते सोळा या संख्यांची बेरीजही १३६ च येते. हा आपला ताळा. खजिनदाराची तिजोरी जुळली.

बरोबरीतल्या तिघांना सगळ्यात वरची जागा, म्हणजे ९ दिली असती, आणि ६८ च्या जोडीला १२, तर काय झालं असतं? शर्यतीच्या निकालात असंच करतात. मग अ-ची बेरीज ८९, ब-ची ४३ आणि एकूण १३२. चार क्रमांक हवेत विरले. बरोबरीनंतर जागा न सोडता लगेच पुढचा आकडा दिला असता, म्हणजे ६७ ला ९ आणि ६८ ला १०, तर एकूण ११९ वरच गाडी अडली असती. बरोबरी नसताना काय घडतं हे दाखवणाऱ्या तक्त्याशी अशी बेरीज ताडून पाहता येत नाही, कारण तो तक्ता एकूण १३६ धरूनच बनलेला असतो.

मग सरासरीच का, चिठ्ठ्या टाकून ९, १०, ११ वाटले तर? तेही करून बघू. अ-च्या वाट्याला ९ आला तर ब-ची बेरीज ४६ होते. १० आला तर ४५, आणि ११ आला तर ४४. या तिघांची सरासरी ४५, म्हणजे मधल्या क्रमांकांनी दिली तीच. चिठ्ठीवर मात्र निकाल हलतो. दोन्ही फवारे सारखेच असतील, तर सोळा क्रमांकांतून ब-च्या वाट्याला कोणतेही आठ येण्याची शक्यता सारखी असते. अशा आठांच्या निवडी १२,८७० होतात. बरोबरी नसती, तर ४५ किंवा त्याहून कमी बेरीज त्यांतल्या फक्त ९५ निवडींत आली असती. अ आणि ब कोणीही वरचढ ठरू शकतो, म्हणून दुप्पट करून १९० धरायचे. हे प्रमाण होतं शेकडा १.४८. बेरीज ४४ आली तर १.०४, आणि ४६ आली तर २.०७. एका चिठ्ठीने शक्यता दुप्पट व्हावी, हे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारं नाही. मधला क्रमांक या तिघांच्या बरोबर मध्ये बसतो, आणि उद्या दुसऱ्या कोणी हिशेब केला तरी उत्तर तेच येतं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ६८ ची जोडी दोन्ही अ-चीच होती. त्यांना १२ आणि १३ दिले काय किंवा साडेबारा-साडेबारा दिले काय, अ-च्या खात्यात २५ च जमा होणार. बेरीज हलते ती दोन गटांत मिळून झालेल्या बरोबरीने, म्हणजे इथे ६७ मुळे. म्हणून घरातली बरोबरी निरुपद्रवी वाटते. ती तशी नाही, आणि नजरेतून सुटणारा परिणाम तो हाच.

मधला क्रमांक बेरीज राखतो, पण पसारा आखडतो. ९, १०, ११ यांच्या वर्गांची बेरीज ३०२. १०, १०, १० यांच्या वर्गांची ३००. दोनने घट झाली. १२ आणि १३ यांच्या वर्गांची बेरीज ३१३. साडेबाराच्या जोडीची ३१२.५. अर्ध्याची घट. तिघांची बरोबरी असेल तर तीनचा घन वजा तीन, भागिले बारा : २. दोघांची असेल तर दोनचा घन वजा दोन, भागिले बारा : अर्धा. सूत्र एकच. बरोबरीची टोळी जितकी मोठी, तितकी घट घनाच्या वेगाने वाढते, आणि टोळी एका घरातली की दोन घरांतली, याने फरक पडत नाही.

मोठ्या नमुन्यात १२,८७० सारख्या निवडी मोजत बसणं शक्य नसतं. तेव्हा बेरीज अपेक्षेपासून किती दूर आहे, ते प्रमाण विचलनाच्या मापाने मोजतात. आपल्या उदाहरणात दोन्ही गटांची अपेक्षित बेरीज ६८ आहे, आणि अंतर २३. बरोबरी नसती तर व्हेरियन्स ९०.६७ आला असता. बरोबरीची दुरुस्ती केली की तो नेमका ९० होतो. २३ ला त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे ९.४९ ने भागलं की २.४२ येतात. दुरुस्ती न करताही दोन दशांश स्थळांपर्यंत २.४२ च येतात. इथे तिचा काही उपयोग झाला नाही, असं वाटेल. सोळातले पाचच आकडे बरोबरीत होते, म्हणून एवढ्यावर भागलं.

पण समजा, सोळा जणांना एखाद्या सेवेला एक ते पाच गुण द्यायला सांगितले आणि बारा जणांनी ‘चार’ लिहिलं. बाराचा घन वजा बारा म्हणजे १,७१६. सोळाचा घन वजा सोळा म्हणजे ४,०८०. एकाला दुसऱ्याने भागलं की व्हेरियन्समधली घट कळते : शेकडा ४२. ती धरली नाही, तर आपण खऱ्यापेक्षा मोठ्या मापाने भागतो आणि असलेला फरकही नसल्यासारखा दिसतो. शिवाय इतकी बरोबरी असेल, तर घंटेच्या आकाराच्या वक्राचा अंदाजही भरवशाचा राहत नाही. तेव्हा त्याच मधल्या क्रमांकांच्या सगळ्या निवडी संगणकाकडून मोजून घेणं बरं.

संगणकावर चूक दोन ठिकाणी शिरते. एक्सेलमध्ये `RANK.EQ` हे फलन बरोबरीला सगळ्यात वरची जागा देतं, म्हणजे आपली १३२ ची चूक. मधला क्रमांक देतं ते `RANK.AVG`, आणि त्यातही शेवटी १ लिहिला नाही तर रांग मोठ्यापासून लागते :

```
=RANK.AVG(A2,$A$2:$A$17,1)
```

दुसरी चूक जास्त लबाड आहे. भागाकार करून काढलेल्या टक्केवाऱ्या पडद्यावर सारख्या दिसतात, पण आत पंधराव्या-सोळाव्या स्थळी वेगळ्या असू शकतात. संगणकाच्या हिशेबात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ होत नाही. मग दोन सारख्या आकड्यांना ९ आणि १० असे वेगळे क्रमांक मिळतात, आणि एकूण बेरीज १३६ च येत असल्यामुळे ताळाही ओरडत नाही. उपाय साधा आहे : आधी ठराविक स्थळांपर्यंत पूर्णांकन करायचं, मगच क्रमांक द्यायचे. ‘आर’ वापरणाऱ्यांना `cannot compute exact p-value with ties` असा इशारा अनेकदा दिसतो. त्याचा अर्थ उत्तर चुकलं असा नाही. नेमकी मोजणी सोडून अंदाजाचा मार्ग घेतला, एवढंच तो सांगतो.

बरोबरी बहुतेक वेळा निसर्गात नसते, आपल्या मोजपट्टीत असते. ६६.८ आणि ६७.२ हे पूर्ण टक्क्यांत लिहिले की दोन्ही ६७ होतात. तेव्हा शक्य असेल तिथे एक दशांश स्थळ जास्त नोंदवा. ते जमणार नसेल, तर निकालावर विश्वास ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारा : क्रमांकांची बेरीज जुळते का, आणि व्हेरियन्समधून बरोबरी वजा केली आहे का?