कपाटात पडून राहिलेला टोनर

मार्चमध्ये वर्षभराची खरेदी उरकताना कार्यालयं लेझर प्रिंटरचे दोन-चार टोनर जादा घेऊन ठेवतात. त्यातला शेवटचा कधी बाहेर निघेल, सांगता येत नाही. तो तेव्हा चालेल का?

इंकजेटचं कार्ट्रिज असेल तर उत्तर सोपं आहे. त्यात पातळ शाई असते आणि ती वाळते, म्हणून खोक्यावरची तारीख गांभीर्याने घ्यावी. टोनर मात्र मुळात प्लॅस्टिकची बारीक भुकटी, तिच्यात वाळण्यासारखं काही नाही. सीलबंद टोनर दोन वर्षं सहसा निर्धास्त ठेवता येतो, आणि चांगल्या जागी त्याहून जास्तही टिकतो. त्याचे खरे शत्रू तीन: दमट हवा, उष्णता आणि उजेड. उजेड यासाठी की एचपीच्या १२एसारख्या, आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये भुकटीबरोबर ड्रमही असतो. हा ड्रम प्रकाशाला संवेदनशील असल्यामुळेच त्यावर अक्षरं उमटतात, पण उघड्यावर काही मिनिटं राहिला तरी त्याच्यावर डाग धरू शकतात. म्हणून आतली काळी पिशवी वापरायच्या क्षणापर्यंत फाडू नये. कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच नाही. ओल लागली की भुकटीच्या गाठी होतात.

जागा वाचवायला खोकी उभी रचण्याची सवय मात्र वाईट. उभ्या कार्ट्रिजमधली भुकटी खालच्या टोकाला दबून बसते. खोक्यावरचा बाण पाहून ते आडवं ठेवावं आणि वर वजन ठेवू नये. वापरताना पिशवीतून काढून, सील ओढण्याआधी, आडवं धरून पाच-सहा वेळा हलक्या हाताने डावी-उजवीकडे झुलवावं. एसीच्या गार खोलीतून आणलेलं असेल तर पिशवी न उघडता तासभर बाहेर राहू द्यावं, नाहीतर आत दव धरतं.

आता समजा, तीन वर्षं जुना १२ए लावला आणि पहिलं पान निघालं. एक बाजू फिकी असेल तर भुकटी सरकली आहे. पुन्हा झुलवून पाहा, बहुतेक वेळा सुधारतं. एकच ठिपका पानभर खालपर्यंत पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पट्टीने अंतर मोजा. ते साधारण ७५ मिलिमीटर भरलं तर दोष ड्रमचा, कारण ड्रमचा एक फेरा तेवढाच असतो. ए-फोर पानावर असा ठिपका तीन-चार वेळा येतो. दहा-बारा पानांनंतरही तो तसाच राहिला तर हे कार्ट्रिज गेलं म्हणायचं. पूर्ण कागद करडा येणं, उभी काळी रेघ उमटणं किंवा प्रिंटरमध्ये भुकटी सांडलेली दिसणं, हीही वाईट लक्षणं. सांडलेली भुकटी कोरड्या फडक्याने टिपावी. हातावरची गार पाण्याने धुवावी, गरम पाण्याने ती चिकटते.

अक्षरं ठसठशीत येऊन बोटाने पुसली जात असतील, तर टोनरला दोष देऊन नवा आणू नये. भुकटी कागदावर वितळवणारा प्रिंटरमधला फ्यूजर नीट तापत नसावा. तो दुरुस्तीवाल्याला दाखवावा.